टाके आणि खरखरीत जीभ: ऑपरेशननंतर मांजरीला मऊ कोन घालावा की सूट?

नसबंदीचं ऑपरेशन झालेली मांजर घरी आणताना डॉक्टर बऱ्याच सूचना देतात, पण त्यातली एक पाळली नाही तर बाकीच्या पाळूनही उपयोग नसतो: टाक्यांना तिची जीभ लागता कामा नये. त्यासाठी पूर्वी कडक प्लास्टिकचा कोन एवढाच उपाय असायचा. आता मऊ कापडी कोन मिळतात आणि अंगभर घालायचे सूटही मिळतात. दोन्हींची जाहिरात ‘मांजरीला आरामदायक’ अशीच असते. आराम हवाच, पण खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या मांजरीच्या जखमेपर्यंत, तिच्या लवचिक अंगासह, या वस्तूमुळे जीभ पोचत नाही ना? याचं उत्तर तुम्ही घरी पाच मिनिटांत तपासू शकता. ते कसं तपासायचं आणि पुढचे दहा-बारा दिवस कसे सांभाळायचे, ते इथे सविस्तर लिहिते. माझा भर मादीच्या नसबंदीवर आहे, कारण पोटावरच्या टाक्यांच्या बाबतीतच कोन की सूट हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

चाटल्याने नेमकं काय बिघडतं

मांजरीच्या जिभेवर मागच्या दिशेला वळलेले बारीक काटे असतात. ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे बनलेले असतात. केस विंचरायला आणि हाडावरचं मांस खरवडायला ते उत्तम, पण ताज्या जखमेवर तीच जीभ फिरली की खपली निघते, नुकती धरू लागलेली त्वचा खरवडली जाते आणि टाक्यांच्या गाठी ओढल्या जातात. त्यात लाळेतले जंतू जखमेत जातात आणि कातडी सतत ओली राहते. ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीतून टाका सहज फाटून येतो.

‘बाहेर टाके दिसतच नाहीत, मग काय ओढणार?’ असं बऱ्याच जणांना वाटतं. हल्ली पुष्कळ डॉक्टर कातडीच्या आतून विरघळणारे टाके घालतात, त्यामुळे बाहेर फक्त एक रेष दिसते. पण पहिले तीन ते पाच दिवस ती जखम जवळजवळ केवळ धाग्याच्या जोरावर मिटलेली असते. त्यानंतर नवं ऊतक भरू लागतं, आणि दोन आठवड्यांनी बाहेरून सगळं छान दिसत असलं तरी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या मानाने बरीच कमी असते. शिवाय कातडीच्या खाली पोटाच्या भिंतीला टाक्यांचा वेगळा थर असतो. वरची कातडी उघडली आणि मांजर चाटतच राहिली, तर धोका त्या थराला पोचतो. म्हणून टाके आतले असोत की बाहेरचे, संरक्षण सारखंच लागतं. बाहेरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात आणि आतल्या टाक्यांसाठीही तेवढेच दिवस धरून चालायचं.

आधी जखम कुठे आहे ते बघा

मादीच्या नसबंदीत चीर दोनपैकी एका ठिकाणी असते: पोटाच्या मध्यरेषेवर, बेंबीच्या थोडं खाली, किंवा कुशीवर, बरगड्या आणि मागचा पाय यांच्या मधल्या भागात. निघण्याआधी डॉक्टरांकडून चीर कुठे आहे आणि टाके कुठले आहेत, हे विचारून घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जमलं तर तिथेच फोनवर फोटो काढा. पुढच्या प्रत्येक दिवशी तुलना करायला हाच फोटो कामी येतो.

मध्यरेषेवरची जखम चाटायला मांजर खाली बसते, एक मागचा पाय तंबूच्या खांबासारखा वर करते आणि डोकं सरळ पोटात घालते. कुशीवरची जखम चाटायला तिला तेवढंही करावं लागत नाही, नुसती मान बाजूला वळवली की झालं. म्हणजे कुशीच्या जखमेवर जीभ सर्वात सहज पोचते आणि तिथे आखूड कोन सर्वात आधी हरतो.

बोक्याचं साधं नसबंदीचं ऑपरेशन असेल तर जखम शेपटीखाली असते आणि अगदी छोटी असते. तिथे सूट फारसा उपयोगाचा नाही, कारण जखम झाकायची तर लघवीची जागाही झाकली जाते. बोक्यासाठी कोन. तसंच डोळा, कान, चेहरा, पाय किंवा शेपटीची जखम असेल तरी सूटचा विषय संपतो. चेहऱ्याच्या जखमेला तर मऊ कोनही अपुरा पडू शकतो, कारण तिथे जिभेपेक्षा पंजाची भीती जास्त असते. अशा वेळी डॉक्टर देतील तो कडक कोनच ठेवावा.

मऊ कोन: लांबी, कडा आणि गाठ

मऊ कोन म्हणजे आत स्पंज किंवा जाड अस्तर असलेला कापडी कोन. काहींच्या शिवणीत प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. अशा पट्ट्या असलेलाच घ्यावा, असं माझं मत आहे. नुसत्या स्पंजचा कोन पहिल्या दिवशी उभा राहतो, आणि पाण्याच्या भांड्यात दोनदा बुडला की लोळागोळा होतो. गळ्याभोवती घालायची हवेची फुगीर कडी दिसायला सुटसुटीत असते, पण पोटाच्या टाक्यांसाठी मी ती सुचवणार नाही. कुत्र्याची मान तिच्यापाशी अडते. मांजर मात्र पाठ वाकवून तिच्या बाजूने पोटापर्यंत आरामात पोचते.

कोनाची लांबी मोजायची ती गळपट्टा बसतो तिथपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवायचे. कोन घातल्यावर बाजूने पाहिलं तर नाक कोनाच्या कडेच्या आत असलं पाहिजे. नाक कडेशी बरोबरीत आलं तरी तो कोन आखूड आहे, कारण जीभ नाकाच्याही पुढे जाते.

आता चाचणी. मांजरीला जमिनीवर बसवा. कोनाची कड बोटाने चेहऱ्याच्या दिशेने दाबा. ती मागे दुमडून नाक बाहेर आलं, तर मांजर हेच जमिनीवर किंवा स्वतःच्या मांडीवर कोन दाबून करणार आहे. मग एखादा आवडता खाऊ तिच्या कुशीजवळ धरा, जखमेला न लावता, आणि ती मान वळवून तोंड किती जवळ आणते ते पाहा. पुढे हाच खाऊ पोटाच्या बाजूने खालून धरून बघा. कोनाची कड अंगाला टेकली आणि तोंड तिच्या आतच अडलं, तर कोन पास. कड दुमडून जिभेचं टोक केसांना लागलं, तर कोन नापास, मग तो कितीही मऊ आणि सुंदर असो. ही चाचणी शुद्ध पूर्ण आल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा करा. भुलीच्या गुंगीत असलेली मांजर वळण्याचा निम्माही प्रयत्न करत नाही, त्यामुळे पहिल्या संध्याकाळचा निकाल फसवा असतो.

बांधण्यात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बहुतेक कोनांना गळ्याशी फासे असतात आणि त्यातून गळपट्टा ओवायचा असतो. अनेक घरांत मांजरीच्या गळ्यात ताण पडला की आपोआप सुटणारा सुरक्षित पट्टा असतो. एरवी तोच योग्य. पण कोन त्यात ओवला, तर रात्री मांजरीने पंजा घालून एक झटका दिला की पट्टा सुटतो आणि कोन बाजूला. त्यामुळे या दिवसांपुरता साधा पट्टा किंवा मऊ सुती फीत फाशांतून ओवून गाठ मारा. गळ्याभोवती एक बोट सहज, दोन जरा दाबून जातील एवढं सैल. त्याहून सैल ठेवलं तर मांजर पुढचा पाय किंवा खालचा जबडा त्यात अडकवून घेते आणि घाबरून उड्या मारते. म्हणून बांधल्यावर मांजरीला एकटी सोडू नका. पहिला अर्धा तास तिथेच बसून बघा.

सूट: माप बरोबर नसेल तर न घातलेला बरा

सूट म्हणजे मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत अंग झाकणारा ताणला जाणारा सुती कपडा. त्याला चार पायांची भोकं असतात आणि मागे किंवा पाठीवर बटणं, चेन किंवा चिकटपट्टी असते. त्याची मापं दोन. पहिलं गळपट्टा बसतो तिथपासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, दुसरं पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर. शिवणकामाची टेप नसेल तर दोऱ्याने मोजा आणि दोरा पट्टीवर ठेवा. मांजर उभी असताना मोजायचं, बसलेली असताना नाही. बसल्यावर पाठ गोल होते आणि माप मोठं येतं. वजनावरून साइज सांगणाऱ्या तक्त्यांवर मी फार विसंबत नाही. तीन किलोची एक मांजर लांब आणि सडपातळ असते, दुसरी आखूड आणि गुबगुबीत.

घातल्यावर तीन जागा तपासा. पुढच्या पायांच्या बगला: तिथे कापड गोळा होऊन घासलं तर दोन दिवसांत कातडी लाल होते. पोट: तिथलं कापड चिमटीत धरून बघा. सहज चिमटीत येऊन एक इंचभर उचललं गेलं, तर मांजर तेच कापड दातात धरून ओढणार, चघळणार आणि ओलं करणार. मागचा भाग: लघवी आणि शी करायची जागा पूर्ण मोकळी हवी, पण मागच्या पायांची भोकं इतकी मोठी नकोत की त्यातून पाय सुटून आत गेला तर ती तिथून तोंड घालू शकेल. मध्यरेषेवरची जखम खूप खाली, जांघांच्या जवळ असेल तर काही सूट तिथपर्यंत पोचतच नाहीत. जखमेच्या खालच्या टोकापासून निदान दोन बोटं पुढे कापड असायला हवं.

घालताना चिकटपट्टीचा आवाज मांजरीला आवडत नाही, म्हणून पट्ट्या आधीच दुसऱ्या खोलीत उघडून ठेवा. एकाने मांजर धरायची, दुसऱ्याने घालायचं. आधी डोकं, मग पुढचे पाय एकेक, मग कापड पाठीवरून मागे आणून मागचे पाय, शेवटी बटणं. जखमेवरून कापड ओढत न्यायचं नाही. तो भाग हाताने वर उचलून धरायचा आणि कापड पोटावर अलगद सोडायचं.

सूट घातल्यावर अनेक मांजरी एका कुशीवर कोसळतात, जणू पायात जीवच नाही, किंवा पोट जमिनीला घासत मागे-मागे चालू लागतात. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण अंगावर सगळीकडून दाब आल्याची ती प्रतिक्रिया असते. उचलून कुरवाळत बसण्यापेक्षा समोर खाऊ ठेवा. बहुतेक मांजरी काही वेळात उठतात. काही तासांनीही ती उठत नसेल, खात नसेल किंवा लघवीला जात नसेल, तर तिला सूट मानवत नाही असं समजून कोनाकडे वळा.

सूटचा खरा दोष असा की तो जखम झाकतो, म्हणून काय चाललंय ते दिसत नाही, आणि ‘झाकलंय म्हणजे सुरक्षित’ असं वाटायला लागतं. मांजर कापडावरून चाटते. जीभ जखमेला लागत नाही हे खरं, पण लाळेने ओलं झालेलं कापड तासन्‌तास टाक्यांवर चिकटून राहतं. लघवीने मागचा भाग ओला झाला तरी तीच गत. त्यामुळे सूट घ्यायचा तर दोन घ्या, एक अंगात आणि एक वाळत. धुताना सुगंधी द्रव वापरू नका आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खंगाळा.

मग दोन्हींतलं काय निवडायचं

माझं सरळ मत: जखम पोटावर किंवा कुशीवर असेल, माप नीट बसत असेल आणि तुम्ही दिवसातून दोनदा तो उघडून पाहणार असाल, तर सूट पहिला. मांजर खाते, झोपते, उडी मारते, पाणी पिते, सगळं जवळपास नेहमीसारखं करते. घरात दुसरी मांजर असेल तर सूटला तोड नाही, कारण दुसरी मांजर हिला प्रेमाने चाटायला येते आणि कोन फक्त हिची स्वतःची जीभ अडवतो, दुसरीची नाही.

कोन कधी? मांजर सूट चघळत असेल, लघवीने वारंवार ओला करत असेल, हवा इतकी गरम असेल की ती सूटमध्ये धापा टाकते, किंवा जखमेतून थोडा स्राव येत असल्याने ती उघडी राहून वाळावी असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा. आणि मऊ कोन वर सांगितलेल्या चाचणीत नापास झाला तर कडक प्लास्टिकचा घ्यावा. तो दारांना आपटतो आणि आवाज होतो, पण दुमडत नाही. मांजर हट्टी असेल तर थोडे दिवस त्याचा त्रास सहन करणं, पोट दुसऱ्यांदा शिवण्यापेक्षा तिच्यासाठीच सोपं असतं.

दोन्ही एकत्र वापरण्याचा पर्याय फार कमी लोक विचारात घेतात. रात्री, जेव्हा कोणी बघत नसतं, तेव्हा सूटवर मऊ कोन घातला तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो: कोन दुमडला तरी खाली कापड आहे, आणि कापड चघळायला जावं तर कोन मध्ये येतो.

ऑपरेशनच्या आधी करायची तयारी

ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी सूट आणि कोन घरी आणून ठेवा. रोज पाच-दहा मिनिटं घाला, खाऊ द्या, काढा. यातून तिला सवय लागते की नाही हा भाग दुय्यम, माप चुकलंय का हे त्या वेळी कळतं हा खरा फायदा. दोन दिवस आधी नखं कापा, म्हणजे कोन ओरबाडताना किंवा मानेशी खाजवताना जखम होणार नाही. घरात तिच्यासाठी एक छोटी खोली ठरवा, जिथे चढायला कपाट किंवा उंच खिडकी नसेल. लिटर बॉक्सला झाकण असेल तर ते काढा आणि कड कमी उंचीची ठेवा. कोनासह ती झाकणातून आत जाऊ शकत नाही, आणि वाकली की कोन वाळूचं फावडं होतो. पहिले काही दिवस बारीक वाळूऐवजी फाडलेला कागद घातला तर जखमेला कण चिकटत नाहीत.

पहिली रात्र आणि जेवणाची वेळ

दवाखान्यातून निघतानाच कोन किंवा सूट अंगावर असावा. ‘अजून गुंगीत आहे, रात्री घालू’ असं म्हणू नका. गुंगीत असलेली मांजरसुद्धा अंगाला लागलेला औषधाचा वास आणि कापलेले केस चाटून साफ करू पाहते. घरी आल्यावर तिला जमिनीवरच ठेवा, पलंगावर किंवा सोफ्यावर नको. ती डगमगत उडी मारायला जाते.

जेवणाच्या वेळी कोन काढायचा असेल तर काढा, पण परत घालायची वेळ अचूक पाळा. मांजर शेवटचा घास गिळते आणि लगेच, अगदी त्याच जागी बसून, अंग चाटायला लागते. दिवसभरात टाक्यांना जीभ लागण्याची सर्वात मोठी शक्यता याच दोन मिनिटांत असते. म्हणून ताटली रिकामी होत आली की तुमच्या हातात कोन तयार हवा. तेवढं जमणार नसेल तर कोन काढूच नका. त्याऐवजी रुंद तोंडाची उथळ ताटली घ्या, तिचा घेर कोनाच्या घेरापेक्षा लहान असावा म्हणजे कोन ताटलीभोवती बसतो, आणि ती एखाद्या पुस्तकाएवढ्या उंचीवर ठेवा. सूट घातलेल्या मांजरीला हा प्रश्नच येत नाही.

तिला स्वतःला स्वच्छ करता येत नाही, ही तिची मोठी तगमग असते. दिवसातून दोनदा ओल्या आणि घट्ट पिळलेल्या कापडाने तिचा चेहरा, हनुवटी, मान पुसून द्या, कोनाच्या आतली कड पुसा आणि कानामागे खाजवा. कोनामुळे तिचा पंजा तिथे पोचत नसतो. हे केलं की बऱ्याच मांजरी शांत होतात आणि कोनाशी झुंजणं कमी करतात.

रोजची तपासणी

सकाळी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, चांगल्या उजेडात जखम पाहा आणि एक फोटो काढा. हात लावायचा नाही, पुसायचं नाही. निरोगी जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, रंग फिकट गुलाबी असतो आणि थोडी सूज असते. आतल्या टाक्यांच्या गाठीजवळ बोटाला मटाराएवढी कडक गाठ लागू शकते. ती हळूहळू विरते, आणि वाढत जाऊ लागली तर दाखवायला हवी.

चाटल्याच्या खुणा वेगळ्या असतात. कडेचे छोटे केस एकाच दिशेला ओले, चिकटलेले दिसतात. खपली कालच्या फोटोत होती आणि आज नाही. जखमेच्या बाजूची कातडी गुलाबीऐवजी चकचकीत लाल दिसते. सूट असेल तर बाहेरच्या बाजूला ओला डाग, आणि तो वाळल्यावर कापड जरा ताठर लागतं. सूट काढून पोटावरच्या भागाला हात लावून बघणं ही माझ्या मते सर्वात उपयोगी सवय आहे. डोळ्याला न दिसणारी ओल हाताला कळते.

एक उदाहरण सांगते. नसबंदीनंतर माझ्याकडे सांभाळायला असलेली एक करडी मांजर, वजन तीन किलोच्या आसपास, चीर मध्यरेषेवर, टाके आतले. वजनाच्या तक्त्यावरून आलेला सूट तिच्या अंगात बसला, पण पोटाशी ढिला होता. पहिले तीन दिवस सगळं कोरडं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सूट काढताना पोटावर नाण्याएवढा ओला डाग हाताला लागला. खाली जखमेच्या वरच्या टोकाची खपली गेली होती आणि तिथली कड लाल होती. बाकी कडा मिटलेल्या, पू नाही, वास नाही, मांजर जेवत होती. डॉक्टरांना सकाळचा आणि संध्याकाळचा असे दोन फोटो पाठवले. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला सांगितलं. तपासून ते म्हणाले की आतला थर ठीक आहे, फक्त जीभ थांबवा, आणि वेदनेचं औषध ठरलेल्या दिवसांपेक्षा थोडं पुढे चालू ठेवलं.

चौथा दिवस हा योगायोग नव्हता. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान जखम भरू लागते, कापलेले केस टोचत उगवायला लागतात आणि तिथे खाज सुटते. त्याच सुमाराला मांजर तरतरीत होते आणि माणसं निश्चिंत होतात. तिच्यासाठी एक माप लहान सूट आणला, आणि तो बगलेत काचत नाही ना हे पाहून घातला. मऊ कोन चाचणीत पूर्ण पास नव्हता. जमिनीवर जोरात दाबला की कड दुमडायची. म्हणून तो एकटा न वापरता रात्री सूटवर घातला. दुसऱ्या सकाळी कापड कोरडं, त्यानंतरही कोरडंच. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी पाहिल्यावर दोन्ही काढले.

काय लावायचं नाही, काय द्यायचं नाही

चाटू नये म्हणून जखमेवर कडू स्प्रे मारू नका. तो उघड्या कातडीला झोंबतो, आणि लाळ गळेपर्यंत कडू लागूनही काही मांजरी चाटतच राहतात. फिनॉल असलेली घरगुती जंतुनाशकं मांजरीला विषारी असतात, कारण तिचं यकृत ती नीट फोडू शकत नाही. टी ट्री तेल तसंच घातक. हायड्रोजन पेरॉक्साइडने नवं ऊतक जळतं. माणसांची मलमं तर नकोच. मांजर ती चाटून पोटात घेते.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेनही धोकादायक आहे. पण वेदना हे चाटण्याचं एक मोठं कारण असतं, हे मात्र विसरू नका. मांजर अचानक जास्त चाटायला बघत असेल, कुबड काढून बसत असेल, पोटाला हात लावू देत नसेल, तर आणखी घट्ट कोनापेक्षा तिला मांजरींसाठीचं वेदनाशामक लागणार असू शकतं. ते डॉक्टरांनीच वजनाप्रमाणे द्यायचं.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं

कडा उघडल्या, पू किंवा दुर्गंध आला, लाली रोज पसरत गेली, रक्त ठिबकतच राहिलं, सूज मऊ आणि मोठी होत गेली, किंवा टाका तुटलेला दिसला, तर त्याच दिवशी जा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तरी थांबू नका, कारण उपाशी राहिलेल्या मांजरीच्या यकृतावर लवकर ताण येतो. चोवीस तासांत लघवी झाली नाही तरीही फोन करा. कधीकधी कारण फक्त सूटचा दाब असतो, पण ते तपासूनच कळायला हवं. बोका लघवीसाठी जोर लावतोय आणि येत नाही, असं दिसलं तर तासाभराचाही उशीर नको.

जखमेतून गुलाबी ऊतक बाहेर आलेलं दिसलं, तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापड स्वच्छ पाण्यात भिजवून, पिळून हलकेच वर ठेवा, कोन घाला, पिंजऱ्यात ठेवा आणि निघा. दवाखान्याला वाटेतून फोन करा, म्हणजे ते तयार राहतील. अशा वेळी पाणी आणि खाणं देऊ नका, भूल द्यावी लागणार असते.

कोन किंवा सूट काढताना

बाहेरचे टाके असतील तर ते काढल्यावर लगेच कोन काढू नका. टाके काढलेल्या जागा उघड्या असतात आणि मांजर तिथेच जाते, म्हणून आणखी एक-दोन दिवस ठेवा. आतले टाके असतील तर डॉक्टरांनी जखम पाहून होकार दिल्यावर काढा. काढायची वेळ सकाळची निवडा, जेव्हा तुम्ही घरी असाल. काढल्याबरोबर ती बसून संपूर्ण अंग चाटेल, अगदी अर्धा तास सुद्धा. ते करू द्या, फक्त जखमेवर जीभ किती वेळ थांबते ते बघा. येता-जाता एखादा फटका मारून पुढे गेली तर हरकत नाही. एकाच जागी मान घालून चाटतच बसली, तर हळूच उचलून खेळात गुंतवा. तासाभरात पुन्हा तिथेच गेली, तर कोन परत घाला आणि दोन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करा. संध्याकाळचा फोटो मात्र काढा. सकाळच्या फोटोशी ताडून रेष कोरडी आणि मिटलेली दिसली, तर ती रात्र तिला मोकळी झोपू द्यायला हरकत नाही.